कांड्या पूर्ण, नेट गायब

डोंबिवलीला गाडीत शिरलेला माणूस आधी बॅग पुढे घेतो, मग एक हात कडीला लावतो आणि दुसऱ्या हाताने मोबाइल काढतो. ठाणं येईपर्यंत त्याचा व्हिडिओ तीनदा थांबलेला असतो. तो वरच्या कोपऱ्यातल्या कांड्या बघतो. त्या सगळ्या ताठ उभ्या. मग कंपनीच्या नावाने तोंडातल्या तोंडात एक शिवी, आणि शेजाऱ्याला प्रश्न, "तुमचं चालतंय का?" शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं सिम असतं. तोही मान हलवतो.

मी बरीच वर्षं कल्याण-दादर करतोय. या प्रकाराचं माझं एक घरगुती स्पष्टीकरण होतं : गाडी पळते, टॉवर मागे पडतात, फोनची धांदल उडते. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा ड्राइव्ह टेस्टचं काम करतो. म्हणजे बॅगेत तीन-चार फोन आणि एक लॅपटॉप घेऊन रस्त्यांवरून, गाड्यांमधून फिरायचं आणि कुठे कोणता टॉवर किती जोरात ऐकू येतो याची नोंद ठेवायची. त्याला मी माझा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, "काका, निम्मं बरोबर आहे. पण वेगाला उगाच बदनाम करू नका."

वेगाचं प्रकरण आधी मिटवून टाकू. रुग्णवाहिका जवळ येताना भोंग्याचा सूर चढतो आणि लांब जाताना उतरतो, तसाच रेडिओलहरींचा सूरही धावत्या गाडीत थोडा सरकतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना १८०० मेगाहर्ट्झवरची लहर सुमारे १७० हर्ट्झने इकडेतिकडे होते. ४जीमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या शेजारशेजारच्या पट्ट्या १५,००० हर्ट्झ अंतरावर असतात. त्यापुढे १७० म्हणजे काहीच नाही. ४जीची रचनाच मुळी ताशी ३५० किलोमीटरपर्यंतचा वेग धरून केलेली आहे. आपली लोकल त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेही धावत नाही. वेगामुळे लहर बिघडत नाही. वेगामुळे वारंवार टॉवर बदलावा लागतो, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंड करून अँटेना लावलेल्या असतात आणि प्रत्येक दिशेचा पट्टा म्हणजे एक सेल. शहरात रुळांच्या कडेने जाताना एक सेल सरासरी ५०० मीटर पुरतो असं धरू. फास्ट गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला २० मीटर कापते, म्हणजे दर २५ सेकंदांनी सेल बदलणार. ठाणे ते दादर हे अंतर सुमारे २४ किलोमीटर, तेव्हा तेवढ्यात पन्नासेक वेळा आपला फोन एका सेलचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. या हातबदलाला हँडओव्हर म्हणतात. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही, निदान लागू नये अशी अपेक्षा असते.

हे होतं कसं? फोन ज्या सेलला जोडलेला असतो त्याचा जोर तर मोजतोच, पण आजूबाजूच्या सेलचाही मोजत राहतो. शेजारचा सेल आपल्या सेलपेक्षा ठरावीक फरकाने, समजा ३ डेसिबलने, म्हणजे दुप्पट जोराने ऐकू यायला लागला तरी फोन लगेच उडी मारत नाही. ती स्थिती थोडा वेळ टिकते का ते बघतो. हा थोडा वेळ कंपनी ठरवते. ३२० मिलिसेकंद ही त्यातली एक नेहमीची निवड. तेवढ्यात गाडी साडेसहा मीटर पुढे गेलेली असते. मग फोन आपल्या टॉवरला कळवतो की शेजारचा बरा वाटतोय. आपला टॉवर शेजारच्याला विचारतो, घेतोस का याला? शेजाऱ्याने जागा आहे म्हटलं की आपला टॉवर फोनला हुकूम देतो : जा. फोन जुना संबंध तोडतो, नव्या टॉवरला हाक मारतो आणि जोडला जातो. मधल्या काळात जुन्या टॉवरकडे येऊन पडलेली माहिती तो नव्याकडे पाठवून देतो. प्रत्यक्ष तुटलेपणा सुमारे ५० मिलिसेकंदांचा, म्हणजे गाडीच्या भाषेत एक मीटरचा.

एक मीटरच्या खंडाने व्हिडिओ थांबत नाही. फोनने पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. तेव्हा "टॉवर बदलला म्हणून अडकलं" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा टॉवर बदलायचा राहिलेला असतो, किंवा बदलता बदलता फसलेला असतो.

फसतो तो एका मजेशीर अडचणीमुळे. "जा" हा हुकूम द्यायचा कोणी? जुन्या टॉवरने. आणि जायचं का, तर जुन्याचा आवाज क्षीण झालाय म्हणून. म्हणजे ज्याचं बोलणं नीट ऐकू येत नाही त्याच्याच तोंडून निरोप्याचा विडा घ्यायचा. आवाज हळूहळू उतरत असेल तर हे निभतं. पण गाडी एखाद्या टेकडीच्या आड गेली, किंवा रुळांलगतच्या उंच इमारतीच्या कोपऱ्यावरून वळली, की जोर पन्नास-शंभर पटीने खाली येतो आणि तोही दहावीस मीटरच्या आत. फोनने कळवेपर्यंत, टॉवरांचं आपसात बोलणं होईपर्यंत आणि हुकूम येईपर्यंत जुना आवाज संपलेला असतो. हुकूम निघतो, पण फोनला मिळत नाही.

यानंतर फोन काय करतो ते बघण्यासारखं आहे. तो लगेच हार मानत नाही. जुना टॉवर परत ऐकू येईल या आशेने साधारण एक सेकंद थांबतो. गाडी २० मीटर पुढे. मग संबंध तुटला असं स्वतःशी जाहीर करून नवा सेल शोधतो. सापडलेल्या सेलकडे या फोनची कागदपत्रं आधी पोहोचली असतील तर काम लवकर होतं. नसतील तर तो सेल दारातूनच परत पाठवतो आणि फोनला पहिल्यापासून नोंदणी करत यावं लागतं. यात आणखी सेकंद-दोन सेकंद, कधी त्याहून जास्त.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण फोनच्या वर ॲप आहे आणि ॲपच्या पलीकडे कुठेतरी सर्व्हर आहे, आणि त्या दोघांना रेल्वे, टेकडी, टॉवर यांतलं काहीच माहीत नाही. पाठवलेल्या माहितीची पोच आली नाही एवढंच सर्व्हरला दिसतं. इंटरनेटचे नियम अशा वेळी सावध व्हायला सांगतात : रस्त्यात कोंडी असेल, थांब. सर्व्हर एक सेकंद थांबून परत पाठवतो. पोच नाही. मग दोन सेकंद थांबतो, मग चार. प्रत्येक वेळी दुप्पट. आता समजा तिसऱ्या सेकंदाच्या किंचित नंतर फोन नव्या टॉवरला व्यवस्थित जोडला गेला. कांड्या उभ्या राहिल्या. पण सर्व्हरने चार सेकंदांची वाट नुकतीच सुरू केलेली आहे. ती संपेपर्यंत काहीच येणार नाही, आणि संपल्यावरही तो आधी हातचं राखून, थोडं थोडंच पाठवणार. कांड्या पूर्ण आणि पडद्यावर चक्र फिरतंय, हे कोडं इथे निम्मं सुटतं. पन्नास मिलिसेकंदांच्या जागी सात-आठ सेकंद गेले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त रेडिओ ठीक झाल्यावरचे.

ठाण्याच्या अलीकडचा पारसिकचा बोगदा हे याचं ठसठशीत उदाहरण. १९१६ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका झाल्यापासून लोकल त्यातून जात नाहीत, पण लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. कोणत्याही अशा बोगद्यात आत वेगळी सोय नसेल तर बाहेरच्या लहरी तोंडापासून थोड्याच आत पोहोचतात. ही सोय म्हणजे आत लावलेल्या अँटेना, किंवा अंतराअंतरावर चिरा ठेवलेली एक केबल. तिच्यातून लहरी मुद्दाम गळू दिल्या जातात. ती नाही असं धरून हिशेब करा. तोंडाशी येताच आवाज कोसळतो. इथे तर शेजारचा चांगला सेलच नाही, त्यामुळे हातबदलाचा प्रश्नच येत नाही. ताशी ७२ किलोमीटरने बोगदा पार करायला ६५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात फोन ४जी, ५जी, हा बँड, तो बँड असं चाचपडत राहतो, आणि काही नाही म्हटल्यावर बॅटरी वाचवायला मध्ये मध्ये विश्रांती घेतो. म्हणून बाहेर उजेड आल्यावरही काही सेकंद कांड्या येत नाहीत. तो विश्रांतीचा डाव चालू असतो.

आणि मग बाहेर येताना सगळे एकदम येतात. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते, ती बाहेर पडायला अर्ध्या मिनिटाहून जरा कमी लागतं. तेवढ्यात हजार-दीड हजार फोन एकाच सेलच्या दारावर थाप मारतात. ४जीच्या सेलमध्ये थाप मारायच्या खुणा ६४ असतात. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच खूण वापरली की दोघांनाही मागे हटून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. एरवी ६४ भरपूर होतात, कारण रस्त्यावरची माणसं एकेक करून येतात. गाडी माणसांना मोळी बांधून आणते.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, उलगडलं. तर तो मुलगा म्हणाला, "काका, पण तुमचा व्हिडिओ मुंब्र्याच्या सरळ रुळावरही थांबतो ना? तिथे कुठला बोगदा?"

तिथे गर्दी. बारा डब्यांच्या लोकलची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास. सकाळच्या वेळी तिच्यात पाच हजार माणसं असतात, हे आपल्याला आकडा न वाचताही माहीत आहे. त्यातल्या पाचातल्या एकाने मोबाइल चालू ठेवला तर हजार जण. त्यांतले चारशे तुमच्या कंपनीचे असं समजा. हे चारशे फोन एका सेलच्या पट्ट्यात, कधी दोन सेलच्या मिळून, एकदम शिरतात. ४जीचा २० मेगाहर्ट्झचा एक वाहक कागदावर सेकंदाला १५० मेगाबिट देतो. प्रत्यक्षात गर्दीच्या सेलमध्ये त्याचा चौथा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ. कंपनीने तिथे दोन-तीन बँड लावून सगळे मिळून १०० मेगाबिट उभे केले असं धरलं, तर माणशी पाव मेगाबिट येतं. साध्या, फार स्वच्छ नसलेल्या व्हिडिओलाही एक मेगाबिटच्या आसपास लागतं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर मात्र यातून सहज जातो. आणि हा हिशेब एका गाडीचा झाला. समोरून त्याच क्षणी दुसरी गाडी आली की भागाकार परत करायचा.

वाटप कसं होतं तेही सांगतो, कारण त्यात एक अन्याय दडलेला आहे. टॉवर दर मिलिसेकंदाला आपला पट्टा शंभर तुकड्यांत कापून कोणाला किती द्यायचा ते ठरवतो. ज्याला टॉवर स्वच्छ ऐकू येतो त्याला एका झटक्यात सहा बिट पाठवता येतात. डब्याच्या मधोमध, दहा जणांच्या अंगांमागे ज्याचा फोन दबलेला आहे, त्याला जपून दोनच पाठवावे लागतात. म्हणजे तोच व्हिडिओ बघायला आतला माणूस दारातल्या माणसाच्या तिप्पट तुकडे खातो. दारातल्याच्या पाचही कांड्या उभ्या असतात, पण त्याच्या वाट्याचे तुकडे आतल्याकडे गेलेले असतात.

कांड्यांचं कोडं इथे पुरतं सुटतं. टॉवरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच कांड्या सांगतात. त्याच्यापुढे रांग किती आहे हे त्या सांगत नाहीत. शिवाय तो आवाज एकाच दिशेचा, टॉवरकडून आपल्याकडे येणारा. टॉवर एका अँटेनातून वीस-चाळीस वॉटने बोलतो. आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने. आपल्याला त्याचं ऐकू येतं, त्याला आपलं येतंच असं नाही. टॉवरला जास्त नाजूक कान दिलेले असतात, पण सेलच्या कडेला तेही पुरत नाहीत. फोटो बघता येतात पण पाठवता येत नाहीत, यूपीआयचं पान उघडतं पण पैसे जाताना अडकतात, हे बऱ्याचदा त्यामुळे.

मग कंपन्या जास्त टॉवर का लावत नाहीत? मी अर्थातच विचारलं. लावतात. पण इथे खरी ओढाताण आहे, आणि या सगळ्या विषयात मला तीच सर्वात रंजक वाटली. गर्दीला लहान सेल हवेत, म्हणजे एकेका सेलच्या वाट्याला थोडी माणसं येतील. वेगाला मोठे सेल हवेत, म्हणजे हातबदल कमी होतील. ५०० मीटरच्या जागी १२५ मीटरचे सेल केले तर दर सहा सेकंदांनी हातबदल, आणि प्रत्येक हातबदल फसण्याची एक संधी. उलट, रुळांच्या कडेच्या चार-पाच टॉवरांनी मिळून एकच सेल असल्यासारखं वागायचं, अशीही युक्ती आहे. वेगवान रेल्वेसाठी ती वापरली जाते. हातबदल पाचवा हिस्सा होतात, पण त्या पाच टॉवरांची क्षमताही एकाच सेलची उरते. मोकळ्या माळरानावरून जाणाऱ्या गाडीला हे परवडतं, घाटकोपर-कुर्ल्याला नाही. आपली लोकल म्हणजे दोन्ही रोग एकत्र : वेगही आहे आणि गर्दीही. मग थांबण्याची मुदत थोडी कमी कर, फरक तीनचा दोन कर, असं कोपऱ्याकोपऱ्याला जमवत बसायचं. मुदत फार कमी केली तर फोन दोन सेलमध्ये चेंडूसारखा टोलवला जातो, फार वाढवली तर हुकूम उशिरा येतो.

५जीने गर्दीचा भाग हलका होतो, कारण पट्टा रुंद आहे. पण शहरातलं बरंचसं ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि त्या लहरी भिंत, काच, पत्रा यांपुढे लवकर दमतात. काही जाळ्यांत तर ५जीचा धागा ४जीच्या खुंटीला बांधलेला असतो. ४जीचा सेल बदलला की ५जी सुटतं आणि परत बांधावं लागतं. वरचं चिन्ह ५जी-४जी-५जी असं लुकलुकतं ते म्हणून.

एसटीत गोष्ट वेगळी. पंचेचाळीस-पन्नास माणसांनी सेल तुंबत नाही, आणि बस हळू जाते. तिथे त्रास आहे तो आडोशाचा आणि विरळ टॉवरांचा. ताम्हिणीत एका वळणावर टॉवर दिसतो, पुढच्या वळणावर डोंगर मध्ये येतो. वरचं "हुकूम पोहोचलाच नाही" हे प्रकरण तिथे दर दोन वळणांनी घडतं. मात्र हीच बस टोलनाक्यावर किंवा अपघातामुळे द्रुतगती मार्गावर अडकली की तासभर जागची न हलणारी हजारो माणसं दोन-तीन सेलवर येतात. ते सेल तर महामार्गावरून भुर्रकन जाणाऱ्यांच्या हिशेबाने लावलेले. गाडी थांबलेली, कांड्या भरलेल्या आणि नेट बंद.

तुमच्या गाडीत दोहोंपैकी काय झालंय ते ओळखता येतं. सगळं अचानक थांबलं, पाच-दहा सेकंदांनी एकदम धो धो आलं, आणि रोज त्याच पुलाशी किंवा वळणाशी होतं : हातबदल फसतोय. नेट चालू आहे पण रांगतंय, स्टेशन जवळ आल्यावर आणखी रांगतंय आणि दुपारी त्याच जागी सुसाट चालतंय : गर्दी. ज्याला आणखी खोलात जायचंय त्याने बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर डायल करायच्या जागी हे टाकून बघावं :

```
*#*#4636#*#*
```

फोनच्या माहितीचं पान उघडलं तर त्यात जोराचा आकडा उणे डेसिबलमध्ये दिसतो. उणे ८५ म्हणजे झकास, उणे ११५ म्हणजे शेवटचे श्वास. उणे ८५ असूनही व्हिडिओ चालत नसेल तर टॉवर ऐकू येतोय, पण त्याला तुमच्यासाठी वेळ नाही.

फोन विमान मोडमध्ये टाकून काढायची सवय अनेकांना असते. फोन मेलेल्या सेलला चिकटून बसला असेल तर तिचा उपयोग होतो, कारण नवी शोधाशोध सक्तीने सुरू होते. गर्दीत मात्र ती उलटी पडते : रांगेतून बाहेर पडून परत शेवटी उभं राहायचं. व्हिडिओची प्रत एक पायरी खाली आणली तर खरोखर फरक पडतो. आणि पैसे पाठवायचे असतील तर गाडी स्टेशनात शिरताना पाठवू नयेत. तेव्हा गाडीतले आणि फलाटावरचे एकाच सेलवर असतात.

मागच्या आठवड्यात तो मुलगा दुपारी अडीचच्या गाडीत भेटला. डबा रिकामा, मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या बाकावर चार फोन ओळीने मांडलेले. पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रेघ ठाण्याकडे सरकत होती, मुंब्र्याजवळ तेवढे दोन-तीन पिवळे. मी म्हटलं, "अरे, हे तर सगळं उत्तम दिसतंय. सकाळी आठला येऊन बघ की."

"सकाळी आठला लॅपटॉप उघडू कुठे, काका?" तो म्हणाला. "गर्दीचा हिशेब टॉवर स्वतः ठेवतो, तो ऑफिसात बसून बघतात. माझ्याकडे फक्त आवाजाचा नकाशा." आणि पिवळ्या ठिपक्यांपाशी त्याने काहीतरी टिपून ठेवलं.